सिस्टर आणि माझे चार रकाने

आमच्या रुग्णालयात कोणाला काही मनातलं सांगायचं असलं की तो चौथ्या मजल्यावर जातो. माझं ऑफिस तळमजल्यावर आहे, लिफ्टच्या अगदी समोर, दारावर पाटी आहे, आत दोन खुर्च्या आहेत. तरी लोक लिफ्टमध्ये शिरतात आणि चार नंबरचं बटण दाबतात. चौतीस वर्षं हे बघतो आहे. येत्या मार्चअखेर मी निवृत्त होतो, त्यामुळे आता खरं लिहायला हरकत नाही. चौथ्या मजल्यावरच्या सिस्टरांचा मला आयुष्यभर मत्सर वाटत आला.

आम्ही एकाच वर्षी कामाला लागलो. मी कॉमर्सचा पदवीधर. कारकून म्हणून आलो आणि प्रशासन अधिकारी झालो. त्या कान-नाक-घशाच्या वॉर्डात नर्स म्हणून आल्या आणि तिथेच प्रमुख झाल्या. अंगाने किरकोळ, चष्म्याची एक काडी कायम सैल, आवाज हळू. टेबलावर कागदांचा पसारा. माझ्या टेबलावर प्रत्येक फाइलला रंग ठरलेला आहे, पण त्याबद्दल मला कधी कोणी विचारलं नाही.

त्यांची एक सवय होती. ज्या रुग्णाला समजून घ्यायचं असेल त्याची नखं त्या स्वतः कापत. हे काम आयांचं. एकदा मी नियमावर बोट ठेवून तसं सांगितलंही.

"साहेब," त्या म्हणाल्या, "दहा बोटं होईपर्यंत माणूस जागचा हलू शकत नाही, आणि गप्प तरी किती बसणार?"

आया हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

गेल्या वर्षी त्या वॉर्डात एक लिलाववाले काका आले. घाऊक बाजारात भाजीचा भाव पुकारणं हे त्यांचं काम. वय एकसष्ट. स्वरयंत्राचा कर्करोग कूर्चेतून, म्हणजे तिथल्या मऊ हाडातून, बाहेर पडला होता. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढून टाकायला हवं, त्यात वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त. काका म्हणाले, नको. सर्जन तीनदा बोलले, तीनदा 'नको'च आलं. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून लिहून दिलं की रुग्णाला सगळं समजतं आणि निर्णय घेण्याची त्याची क्षमता शाबूत आहे. मुलगा मात्र माझ्यासमोर येऊन बसला.

"साहेब, बाबांना आवाजाचा गर्व आहे हो. बाजारात मान आहे ना. मी सही करतो, तुम्ही ऑपरेशन करून टाका."

मी त्याला सांगितलं की शुद्धीवर असलेल्या, समज असलेल्या माणसाच्या नकारावर मुलाची सही चालत नाही. तो म्हणाला, "मग मरू द्यायचं का?" प्रकरण नीतिसमितीकडे गेलं.

या समितीचा सचिव मी. अध्यक्ष वरिष्ठ फिजिशियन, सभासद म्हणून ते मानसोपचारतज्ज्ञ, एक वकील, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि सिस्टर. समितीसाठी मी एक तक्ता तयार केला होता आणि त्याचा मला अभिमान होता. वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं, चार रकाने. पहिला, रुग्णाची स्वायत्तता, म्हणजे स्वतःच्या शरीराचा निर्णय त्याचा त्याने घेणं. दुसरा, त्याचं हित. तिसरा, त्याला अपाय न करणं. चौथा न्याय, म्हणजे उपचारांचं वाटप सगळ्यांसाठी सारखं. काकांचा तक्ता मी फाइलवरून भरला. हिताच्या रकान्यात सर्जनांचं पानभर मत आलं. स्वायत्ततेच्या रकान्यात मी दोन शब्द लिहिले: 'रुग्णाचा नकार.' रकाना भरला म्हणजे माझं काम झालं.

बुधवारी सभा होती. सोमवारी दुपारी सिस्टरांची चिठ्ठी आली: 'रुग्णाला आणि त्यांच्या पत्नीला सभेत बोलवावं.' नियम असा की विषय तीन दिवस आधी यायला हवा. मी ती चिठ्ठी पुढच्या सभेच्या फाइलमध्ये लावली. नियमाने बरोबर केलं. पण मागच्याच महिन्यात सर्जनांचे कागद सभेच्या दिवशी जिन्यात घेतले होते, हे मला आठवत होतं, आणि तरी लावली. 'बोलवावं' म्हणणाऱ्या त्या कोण, एवढंच डोक्यात होतं.

सभेत सर्जन तावातावाने बोलले. माणूस वाईट नव्हता. रुग्ण हातचा जातोय हे त्यांना बघवत नव्हतं.

"मी त्याला वाचवू शकतो. आवाजासाठी कोणी जीव देतं का? घाबरलाय तो. मुलाला बरोबर घेऊन जरा जोर लावू. गुरुवारच्या ऑपरेशनच्या यादीत नाव घातलंच आहे. ऐकलं नाही तर घरी सोडा."

"आणि ऑपरेशनऐवजी रेडिएशन आणि केमो?" वकिलांनी विचारलं.

"या टप्प्यात ते दुय्यम. गिळायला त्रास होऊ शकतो. रोग परत आला तर ऑपरेशन करता येतं, पण तेव्हा जखमा भरायला अवघड जातं. शिवाय मशीनवर आधीच रांग आहे. चांगला उपचार नाकारणाऱ्याला तिथे जागा का द्यायची?"

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "डॉक्टर, रांग आजारावर लावायची असते. कोण किती ऐकतो यावर नाही. शाळेत मी ती चूक बरीच वर्षं केली."

अध्यक्ष माझ्या तक्त्यावर बोट फिरवत होते. "तीन रकाने भरलेत. पहिल्यात नुसता नकार आहे. का नकार, ते कुठे आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सिस्टर म्हणाल्या, "त्यांची बायको आंधळी आहे."

अध्यक्षांनी तक्ता खाली ठेवला.

"बारा वर्षांपूर्वी दृष्टी गेली. मुलगा वेगळा राहतो. घरात दोघंच. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, बोलता येणार नाही, पण पाटीवर लिहिता येईल. नखं कापताना ते मला म्हणाले, मी लिहीन हो, ती वाचणार कशी? चूल कुठे पेटली, पायरी कुठे संपली, सगळं मी तोंडाने सांगतो."

"मग हे मला का नाही सांगितलं?" सर्जन म्हणाले.

"तुम्ही उभे होतात, डॉक्टर. मागे सहा विद्यार्थी. बायकोच्या अधूपणाबद्दल एवढ्या लोकांत कोण बोलतं?"

अध्यक्षांनी विचारलं, "सिस्टर, हे आधी समितीकडे का आलं नाही?"

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं. माझी फाइल समोरच होती. सिस्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"चिठ्ठी द्यायला मला उशीर झाला," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला उघडं पाडलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, नियम दाखवता आला असता. त्यांनी मला पाठीशी घातलं आणि त्या दिवसापासून मला त्यांचा जास्तच राग आला.

सभेत ठरलं ते असं. आजवर दिलेला नकार अपुऱ्या माहितीवरचा आहे, ऑपरेशननंतरही बोलता येण्याचे उपाय असतात हे काकांना कोणी सांगितलेलंच नाही, तेव्हा तो पक्का नकार मानता येत नाही. पण म्हणून तो बाजूलाही सारता येत नाही. काकांना आणि काकूंना सगळे पर्याय एकत्र बसून सांगावेत, जोर लावू नये, आणि मग ते जे म्हणतील ते आपण करावं. गुरुवारच्या यादीतून नाव काढलं. इतिवृत्तात मी 'सभेत असे निदर्शनास आले' असं लिहिलं. कोणी निदर्शनास आणून दिलं, ते लिहिलं नाही.

शुक्रवारी सिस्टरांनी वॉर्डात स्टुलं मांडली. काकू आल्या. शिवाय सिस्टरांनी एका जुन्या रुग्णाला बोलावलं होतं. हा माणूस सुतार. स्वरयंत्र काढलेलं, गळ्यात भोक, आणि श्वासनलिका व अन्ननलिकेच्या मध्ये बसवलेली छोटी झडप. भोकावर बोट ठेवून तो बोलला. आवाज घोगरा, जाड, पण शब्द स्पष्ट. मी दाराशी उभा होतो. नोंद घ्यायची म्हणून गेलो होतो, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

"रोज साफ करावी लागते," सुतार म्हणाला. "अधूनमधून बदलावी लागते. पण बायकोशी भांडता येतं."

काकू हसल्या. "मग मला चालेल. आवाज कसाही असू दे, हाक मारल्यावर ओ मिळाली म्हणजे झालं."

"सगळ्यांना जमते का ही झडप?" काकांनी विचारलं.

सर्जन या वेळी स्टुलावर बसले होते. "बहुतेकांना जमते. सगळ्यांना नाही. तुम्हाला जमेलच, असं मी लिहून देऊ शकत नाही." मग त्यांनी रेडिएशनचंही सांगितलं. जगण्याची शक्यता किती कमी होते, काय त्रास होतो, रोग परत आला तर काय करावं लागेल. काही झाकलं नाही.

काका म्हणाले, "आठवडाभर घरी जाऊन येतो."

सर्जनांना उशीर परवडत नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "सात दिवस द्या, डॉक्टर. श्वास मोकळा आहे. दम लागला तर लगेच आणतील. ते परत येतील, मी सांगते."

मी ते 'मी सांगते' मनात जपून ठेवलं. सातव्या दिवशी सकाळी चौथ्या मजल्यावर दोन चकरा मारल्या. खाट रिकामी होती. दुपारीही रिकामी होती. आणि मला बरं वाटत होतं. एका माणसाचा जीव टांगणीला लागलेला असताना एक बाई चुकते आहे याचं मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या दुपारी वाटली नव्हती. मी डबा पूर्ण खाल्ला.

चार वाजता दोघं आले. काकूंचा हात काकांच्या कोपरावर.

"ऑपरेशन नको," काका म्हणाले. "दुसरं द्या. आहे तो आवाज जेवढे दिवस टिकेल तेवढे दिवस हिला हवाय. नाही, हिला कुठलाही चालेल. मला हवाय. परत आजार आला तर मग तुमचं ऐकेन."

सर्जनांनी सिस्टरांकडे रागाने पाहिलं. "बघा. तुमच्यामुळे."

"माझंही मन ऑपरेशनकडेच होतं, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. "पण आता त्यांना सगळं माहीत आहे. आता हा नकार खरा आहे."

मग सर्जनांनी रेडिएशन विभागाला स्वतः फोन लावला आणि काकांना म्हणाले, "दर महिन्याला मला गळा दाखवायचा. चुकवायचं नाही."

मला वाटलं होतं, सिस्टरांच्या मनासारखं झालं नाही तर माझा मत्सर शमेल. त्यांच्या मनासारखं झालं नाहीच, पण त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं, काकांना वाचून दाखवलं, काकूंनाही वाचून दाखवलं, आणि माझा मत्सर काही शमला नाही.

रेडिएशन सात आठवडे चालायचं होतं. पाचव्या आठवड्यात मी त्या विभागासमोरून जात होतो. रांगेत काका-काकू बसले होते. काका वाळले होते, गळ्याची कातडी काळवंडली होती, आवाज बसला होता. तरी ते काकूंना हळूहळू सांगत होते: समोर पिवळी भिंत आहे, एक पोरगी केळं खाते आहे, आपल्यापुढे तिघं आहेत.

मला बघून ते थांबले आणि हात जोडले.

"कोण आहे हो?" काकूंनी विचारलं.

"आपल्या सिस्टरच्या ऑफिसातले आहेत," काका म्हणाले. "चांगले आहेत."

मी चूक दुरुस्त करण्यासाठी तोंड उघडलं. पण काकूंनी हात पुढे केला होता, माझ्या दिशेपेक्षा जरा डावीकडे. मी दोन पावलं सरकून तो हातात घेतला आणि म्हटलं, "हो. सिस्टरांना काही सांगायचं आहे का?"