एक ग्रॅमच्या नाण्याची मजुरी

बी.कॉम. झाल्यावर मी वाशीतल्या एका सराफाच्या दुकानात नोकरीला लागले. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दुकानात मला घेतलं ते इंग्रजी येतं म्हणून. नव्या सोसायट्यांमधले साहेब आणि दुबईहून आलेले लोक बिस्किटं घ्यायला येत, त्यांच्याशी नीट बोलायला कोणीतरी हवं होतं. मला कोणाशीच नीट बोलता येत नव्हतं. पण मी हळू आवाजात बोलायचे, आणि शेठना ते सभ्यपणाचं वाटलं.

नाणी आणि बिस्किटं माझ्या काउंटरवर. मागे दोन पाट्या. एकीवर दहा ग्रॅमचा दिवसाचा भाव, दुसरीवर एक ग्रॅमच्या नाण्याची किंमत. पहिल्या पाटीला दहाने भागलं की दुसरी येत नसे. चाळीस रुपये जास्त यायचे. ते चाळीस कुठेच लिहिलेले नव्हते.

नाणी घेऊन येणाऱ्या कारागिराला मी एकदा विचारलं होतं. त्याने सरळ सांगितलं. सोन्याची पट्टी लाटायची, तिच्यातून गोल चकत्या पाडायच्या, उरलेली जाळी परत मुशीत घालून वितळवायची. प्रत्येक चकती वेगळी तोलायची. कमी भरली तर बाद, जास्त भरली तर घासायची. मग ठसा मारायचा, पुसायचं, प्लास्टिकच्या कार्डात सील करायचं.

"एक ग्रॅमला जेवढे हात लागतात ना, त्याच्या दहापट काही दहा ग्रॅमला लागत नाहीत," तो म्हणाला. "दहाच्या बिस्किटात ती मजुरी दहा ग्रॅमवर पसरते. एकात एकावरच बसते."

दहा ग्रॅमच्या बिस्किटाची मजुरी होती शंभर. म्हणजे ग्रॅमला दहा. नाण्याला चाळीस. मला ते पटलं. त्यात लबाडी नव्हती. लबाडी होती ती पाटीवर न लिहिण्यात, आणि ती मी रोज पाठीशी घेऊन बसत होते.

दर महिन्याच्या दहा तारखेला दुपारी दहा बायका यायच्या. तुर्भ्याच्या मार्केटात कांदा निवडणाऱ्या, साताऱ्याकडच्या. नवरे तिथेच माथाडी. त्यांची सोन्याची भिशी होती, पण चिठ्ठ्या काढत नसत. आधीच्या भिशीत एकीने पहिला नंबर लागल्यावर पैसे घेतले, गावाला गेली आणि परत आलीच नाही. तेव्हापासून यांचा नियम एकच. सगळ्यांनी एकत्र यायचं आणि प्रत्येकीने आपलं एक ग्रॅमचं नाणं आपल्या हातात घ्यायचं. दहा बायका, दहा नाणी.

पहिल्याच महिन्यात मी शेठना विचारलं होतं, "यांना सांगू का, दहा ग्रॅमचं स्वस्त पडतं म्हणून?"

शेठ हसले. "बेटा, गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं. उगाच शिकवायला जायचं नाही."

मी गप्प बसले. गप्प बसणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

दहा महिन्यांनी त्यांच्यातली म्होरकी एकटीच आली. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांच्या मुलीचा साखरपुडा चार दिवसांवर आला होता आणि मुलाकडच्यांनी ताटात एक तोळ्याचं, म्हणजे दहा ग्रॅमचं, बिस्किट मागितलं होतं. मावशींनी रुमालाची गाठ सोडून दहा कार्डं काउंटरवर मांडली.

"पोरी, ही घी आनि येक तोळ्याचं दी. समदी तुमच्याच दुकानातली हायती."

मला आकडा माहीत होता. तरी मी शेठकडे पाहिलं. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. "नाणी मोडीत धरावी लागतील, मावशी. दोन टक्के घट. शिवाय बिस्किटाची मजुरी. वरती एकशे ऐंशी द्या."

"वर? कशाचं?"

"नियम आहे."

मावशींनी मला दहाही कार्डं काट्यावर ठेवायला लावली. मग म्हणाल्या, "पलाष्टिक न्हाय, आतलं सोनं सांग."

"दहा ग्रॅम," मी म्हटलं.

"आनि त्ये बिस्कुट?"

"दहा ग्रॅम."

"मंग?" त्या शेठकडे वळल्या. "ह्ये सोनं न्हाय का, पितळ हाय?"

"सोनंच आहे हो. पण नाणं बनवायला खर्च येतो. तो मोडताना परत मिळत नाही."

"म्हंजी त्यो खर्च म्या दिलाय व्हय? दहा बारी? आनि पाटीवर का न्हाय लिवला?"

सोफ्यावर एक जोडपं बांगड्या पाहत बसलं होतं. शेठनी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

मावशी माझ्याकडे वळल्या. "तुला ठावं हुतं?"

"हो."

"कवापास्नं?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, आणि ते फार वाईट होतं. मग मीच बोलले. दहा महिन्यांचं एकदम आणि तुटक. दहाजणींनी मिळून दर महिन्याला एकच दहा ग्रॅमचं घेतलं असतं तर मजुरी शंभर पडली असती. तुमची पडत होती चारशे. चिठ्ठी टाकून दर महिन्याला एकीला बिस्किट दिलं असतं, तर दहा महिन्यांत प्रत्येकीकडे असंच एक बिस्किट असतं. तीनशे रुपये प्रत्येकीचे वाचले असते.

"तीनशे," त्या म्हणाल्या. "माजी सात दिसांची हजरी. दहाजनींची धर आता." त्यांनी कार्डं रुमालात बांधली. "तुजी आय असती माज्या जागी, तर बसली असतीस गप?"

शेठ म्हणाले, "मावशी, बिस्किटाचं काय करायचं?"

"तुमचं तुमास्नी ऱ्हाऊ द्या. ताटात दहा ठिवते. तोलून घ्या म्हनते."

त्या गेल्यावर शेठ माझ्यावर चिडले. "एरवी तोंडातून शब्द निघत नाही, आणि आज भाषण?" मलाही राग आला होता, तो त्यांचा, त्या पाटीचा आणि सगळ्यात जास्त माझा. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे वाक्य मी मनात कितीदा तरी जुळवून पाहिलं. दर वेळी ते मला खोटारडं वाटलं.

पुढच्या दहा तारखेला त्या दहाजणी आल्या. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. मावशींनी सांगितलं, मुलाच्या बापाने नाणी दोनदा मोजली आणि आईने तोंड वाकडं केलं, पण साखरपुडा झाला. मग त्यांनी दहाजणींचे पैसे एकत्र काउंटरवर ठेवले.

"दहाचं येक."

स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या. त्या त्यांनी शेठसमोरच काढल्या. जिचा नंबर पहिला लागला तिला बाकीच्या नऊजणींनी देवाची शपथ घ्यायला लावली, आणि एकीने तिच्या गावाचा पत्ता माझ्याकडून कागदावर लिहून घेतला.

मी बिल करायला घेतलं.

"सोनं वायलं लिव," मावशी म्हणाल्या. "मजुरी वायली."

शेठ माझ्याकडे पाहत होते. बिलावर एकच आकडा टाकायची पद्धत होती. मी दोन ओळी लिहिल्या.

"आता वाच."

मी वाचलं.

"आयकू न्हाय आलं."

सोफ्यावर तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती, आणि त्यांतल्या एकीच्या हातात एक ग्रॅमचं नाणं होतं. मी उभी राहिले आणि सोन्याचा आकडा, मजुरीचा आकडा, दोन्ही पुन्हा वाचले. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.