पांढरी राहिलेली ओळ

पावसाळ्याआधी करायच्या कामांची यादी आमच्या बांधकाम उपविभागाच्या कार्यालयात पूर्वी वहीत असायची. साकवांची डागडुजी, गटारं मोकळी करणं, शाळांच्या मागच्या संरक्षक भिंती, सगळं त्यात. मी रत्नागिरीला बदलून आले त्या वर्षी साहेबांनी ती यादी संगणकावर घ्यायला सांगितली. मी कनिष्ठ लिपिक, पण एक्सेल बरं यायचं, म्हणून काम माझ्याकडे आलं.

मी मन लावून शीट केली. गाव, काम, मुदत, स्थिती असे रकाने. मग कंडिशनल फॉरमॅटिंगचे तीन नियम घातले. स्थितीत ‘पूर्ण’ लिहिलं की ती ओळ हिरवी. काम अपुरं आणि मुदत आजच्या तारखेच्या आधीची, तर लाल. मुदत आज किंवा येत्या सात दिवसांत असेल, तर पिवळी. बाकीच्या पांढऱ्या. आजची तारीख शीट रोज आपणहून घेते, त्यामुळे काल पिवळी असलेली ओळ एखाद्या सकाळी लाल होऊन बसलेली दिसे. मोकळा रकाना जुनी मुदत समजून शीट उगाच लाल करते, हेही ध्यानात ठेवून मी तशी अट घातली होती. शेवटी सगळे रकाने मधोमध करून घेतले. दिसायला छान दिसत होतं.

साहेब खूश झाले. “आता वाचायची गरजच नाही,” ते म्हणाले. “लाल तेवढं सांगत जा.”

मीही तेच करू लागले. सकाळी शीट उघडायची, लाल ओळी मोजायच्या, शाखा अभियंत्यांना फोन करायचे. ते धावपळ करायचे, ओळी हिरव्या व्हायच्या. मे महिना सरत आला तेव्हा लाल ओळी जेमतेम दोन उरल्या होत्या. आजूबाजूच्या तालुक्यांतून कामं रखडल्याच्या तक्रारी कानावर यायच्या आणि आमच्याकडे इतकं सामसूम. मला त्याचा अभिमान वाटत होता.

त्याच दिवसांत एका वाडीतल्या अंगणवाडी सेविकेचा फोन आला. वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, शाळा अलीकडे, मध्ये पायी जायचा जुना साकव.

“मॅडम, साकव हलतो हो. माणूस चालायला लागला की खालून कुरकुर ऐकायला येते. कधी येताय?”

मी बोलता बोलता शीट उघडली. ती ओळ सापडली. पांढरी.

“काम यादीत आहे ताई,” मी म्हणाले. “मुदत अजून गेलेली नाही. होईल.”

“पाणी यायच्या आधी होईल ना?”

“होईल.”

फोन ठेवताना त्या काहीतरी पुटपुटल्या. मी तोवर दुसरी ओळ बघायला लागले होते.

जूनच्या नऊ तारखेला, दुपारच्या जेवणाचा डबा उघडत होते, तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता.

“आमच्यातले एक म्हातारबाबा पडले साकवावरून. म्हणजे पडले नाहीत, फळी मोडून पाय आत गेला. चार जणांनी खेचून काढलं. पाय मोडलाय. मॅडम, तुमची ती मुदत आहे तरी कधीची?”

मी शीट उघडली. ओळ पांढरीच होती. मुदतीच्या रकान्यात बघितलं आणि त्यांना वाचून दाखवायला लागले, “पंधरा, पाच...”

वर्षाचा आकडा वाचायच्या आधीच मी थांबले. पंधरा मे होऊन जवळजवळ चार आठवडे झाले होते. मागच्या वेळी त्या विचारत होत्या तेव्हाही ती उलटलेलीच होती. मी रंग बघितला होता, तारीख बघितलीच नव्हती.

“मॅडम? आहात ना?”

“ताई, साकव बंद करा,” मी म्हणाले. “आत्ताच्या आत्ता. कुणाला जाऊ देऊ नका. आम्ही निघतो.”

त्या भागाच्या शाखा अभियंत्यांना फोन लावून मी परत त्या रकान्याकडे बघत बसले. तारीख तर बरोबर होती. मग लाल का नाही? मधोमध केलेली मांडणी काढून टाकली, आणि तारखा दोन्हीकडे पांगल्या. बहुतेक उजवीकडे गेल्या, काही डावीकडे चिकटून राहिल्या. डावीकडच्या सगळ्या तारखांमध्ये टिंबं होती. १५.०५ आणि पुढे टिंब देऊन वर्ष, अशी.

त्या ओळी आमच्या वरिष्ठ सहायकांनी भरल्या होत्या. निवृत्तीला वर्ष राहिलेले, अतिशय काटेकोर गृहस्थ. आयुष्यभर फायलींवर त्यांनी तारखा टिंब देऊनच लिहिल्या, तशाच इथेही लिहिल्या. त्यांच्याकडून एकही चूक झाली नव्हती. पण माझ्या संगणकावर टिंबांची तारीख ही तारीख नव्हतीच, नुसती अक्षरं होती, आणि अक्षरं शीट डावीकडे लावते, खऱ्या तारखा उजवीकडे. खरी तारीख शीटला आतून आकडाच असते, आणि तुलना करताना तिच्या लेखी अक्षरं कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी. म्हणजे ती मुदत आजच्या मागे कधी पडणारच नव्हती. दहा वर्षं गेली असती तरी ओळ पांढरीच राहिली असती.

मी तो रकाना निवडून टिंबांच्या जागी तिरक्या रेघा घालायला शीटला सांगितलं. बटण दाबलं तशा डावीकडच्या तारखा उजवीकडे सरकल्या आणि पडद्यावर एकदम अकरा ओळी लाल झाल्या. वरिष्ठ सहायक माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“या सगळ्या माझ्या का हो?” त्यांनी विचारलं.

“नियम माझे होते,” मी म्हणाले.

शाखा अभियंते आले तसे आम्ही निघालो, पण महामार्गावर हातखंब्यापर्यंत ट्रकांमुळे गाडी रखडली. वाडीत पोचलो तेव्हा पऱ्याचं पाणी गढूळ झालं होतं आणि सेविका साकवाच्या तोंडाशी छत्री घेऊन उभ्या होत्या. दोन बांबू आडवे बांधलेले, त्यांवर काटेरी फांद्या. शाखा अभियंते खाली उतरले. जांभ्या दगडाच्या खांबाच्या बुडाशी त्यांनी हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. खालची माती वाहून गेली होती. वर आले आणि त्यांनी आडवा बांधायला आणखी एक बांबू मागितला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी साकव गेला. वर कुणी नव्हतं. शाळेची मुलं तोवर लांबच्या वाटेने फिरून जायला लागली होती, त्यावरून लोक आम्हाला शिव्याही घालत होते.

पुढच्या रविवारी मी त्या म्हाताऱ्या बाबांकडे गेले. पाय प्लास्टरमध्ये, ओटीवर उशीला टेकून बसले होते. सुनेने चहा दिला. मला वाटलं, सांगून टाकावं. मी जमेल तसं सांगितलं, संगणकाचं, रंगांचं, टिंबांचं. 

“म्हंजे तारीक लिवलेली व्हती?”

“होती.”

“आनि तुज्या समोरच व्हती, बाय?”

मी हो म्हणाले. ते पायाकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

उरलेल्या दहा कामांपैकी चार आम्ही कशीबशी उरकली. सहा ओळी पाऊस संपेपर्यंत लालच राहिल्या. त्यांतली एक ओळ एका शाळेच्या स्वयंपाकघरामागच्या संरक्षक भिंतीची होती. मी रोज सकाळी शीट उघडायचे, त्या ओळीची तारीख मोठ्याने वाचायचे, आणि मग तिथल्या मुख्याध्यापकांना फोन लावून विचारायचे की भिंत उभी आहे ना.