दादाला पाण्याखाली नेलं तेव्हा

दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, पोहता यायचं, पण डोकं वर ठेवून. पाण्यात तोंड घालायची त्याला भयंकर भीती. कोयलीच्या रिफायनरीत नोकरी, कॉलनीतला स्विमिंग पूल फुकट, आणि हा बावळट मान उंच करून म्हशीसारखा तरंगायचा. पाच वर्षांच्या लेकीने हट्ट धरला, "बाबा, खाली जाऊन दाखवा ना." तर याने भलताच उपाय काढला. पूलच्या काठावरच्या बाकावर पालथा पडला, हात पुढे ताणले, गाल फुगवले, डोळे मिटले. तो फोटो आणि पाणी काढलेल्या, रिकाम्या पूलचा एक फोटो मला पाठवून म्हणाला, "मला पाण्याखाली घाल. पोरीला दाखवायचंय."

मी बडोद्यात, गोत्रीला, घरीच कॉम्प्युटरवर लग्नांचे फोटो-अल्बम करते. इथल्या गुजरातीत म्हटलं, "थई जशे," होऊन जाईल.

"तुझं थई जशे म्हणजे पुढच्या जन्मी!"

लग्नसराई होती. दोन महिने तो विचारत राहिला आणि मी लोकांच्या नवऱ्यांचे चेहरे उजळत बसले. मग एका सकाळी ड्यूटीला निघताना, बूट घालता घालताच कोसळला. हृदय बंद पडलं. बस्स.

तेरावा झाल्यावर मी तो फोटो उघडला.

आधी बाक कापून टाकला आणि दादाला पूलच्या फरशांवर ठेवलं. सगळ्यावर निळसर हिरवी छटा चढवली, तांबडा रंग उतरवला, लांबच्या फरशा धूसर केल्या. मग पाण्यातून खाली पडणाऱ्या उन्हाची ती हलती नक्षी, तीही वेगळ्या थरावर, हवा तेव्हा बंद करता येणाऱ्या. पहिल्यांदा सरसकट टाकली, तर दादा जाळ्यात सापडल्यासारखा दिसायला लागला. रडू आलं, स्वतःचा रागही आला. ऊन वरून येतं, एवढंही कळू नये मला? पोटावरची, हनुवटीखालची नक्षी पुसली. पाठीवर, खांद्यांवर, केसांवर ठेवली, अंगाच्या गोलाईप्रमाणे वळवली. तळाच्या फरशांवर ती मोठी आणि पुसट केली. शेवटी नाकातून चार बुडबुडे सोडले. इतकं खरं दिसलं की मी मोठ्याने म्हणाले, "बघ, झालं!"

आईला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि स्क्रीनवर त्याच्या फुगलेल्या गालावर बोट ठेवलं.

"किती वेळ श्वास धरून ठेवलाय गं त्याने? काढ त्याला वर."

"अगं आई, हे खोटं आहे..."

"वर काढ म्हणते ना!"

मी एकेक थर बंद करत गेले. बुडबुडे गेले. उन्हाची नक्षी गेली. निळं हिरवं गेलं, पूलच्या फरशा गेल्या. खाली मूळ फोटो होता, तो उरला: बाक, कोरडं ऊन, बाकाखाली त्याच्या चपला.

"हां," आई म्हणाली. "आता सोड रे राजा श्वास."

गाल तसेच फुगलेले होते. तेवढं मला करता आलं नाही.