मोबाईलवर उचललेला तबला

नव्वदच्या दशकात अकोल्याकडच्या आमच्या गावात भजनी मंडळाचे तबलजी मुलांना शिकवायचे. मी शाळकरी होते. मलाही शिकवा, असं मी म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "तुला पेटी शोभंल, पोरी. तबला बायांचं काम न्हाई." मी पेटी शिकले नाही. दुसरं काही शिकायचं नाही, असंच ठरवून टाकलं.

पुढे नगरला नोकरी लागली, मुलगी मोठी झाली, हातात मोबाईल आला. एक दिवस मी तबला-डग्गा विकत आणला आणि व्हिडिओ लावून बसले. नवरा म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, "याच वयात."

व्हिडिओतले गुरुजी कधी चिडत नसत. न जमलेली जागा मी मागे नेऊन पुन्हा बघायची, वेग निम्मा करायची. तीनतालाचा ठेका असाच बसला. पण लय वाढवली की बोल पुसट व्हायचे, आणि उजवं मनगट दुखायला लागलं. व्हिडिओखाली प्रश्न लिहिला. उत्तर आलं, "रियाज वाढवा." वाढवला. मनगट सुजलं.

शेवटी नगरमध्येच, सावेडी भागातल्या एका तबल्याच्या क्लासला गेले. तिथल्या सरांनी ठेका वाजवायला सांगितला आणि दोन आवर्तनांतच थांबवलं.

"ताई, तबला सपाट ठेवलाय तुम्ही."

त्यांनी खालच्या कापडी चुंबळीवर तबला पुढच्या बाजूला थोडा कलवला, माझा खांदा खाली दाबला. "आता 'ना' वाजवा. अनामिका मधल्या काळ्या शाईच्या कडेला नुसती टेकवा, दाबू नका."

बोल खणखणीत निघाला. मनगट वाकवावंच लागलं नाही. व्हिडिओ कॅमेरा वर धरून काढलेले होते. त्यात तबल्याचा कल दिसत नव्हता, आणि माझा खांदा तर त्या गुरुजींना कधीच दिसला नसता.

सर म्हणाले, "व्हिडिओवर शिकलेल्या हाताची सवय आधी मोडावी लागते. मोबाईल बंद करणार असाल तर या."

मला राग आला. "सर, हात सुधारायला मी येईन. पण मोबाईल बंद करणार नाही. माणसांनी ज्याला 'नाही' म्हटलं, ते मला त्यानं शिकवलंय."

"मग दोन गुरू होतील."

"होऊ देत. चुकलं तर हात माझाच दुखेल."

त्यांनी वही उघडून क्लासचे वार बघितले. मग म्हणाले, "सोमवारी या. काय बघता तेही दाखवा."

मी दाखवते. काही व्हिडिओ त्यांना पटतात, काहींना ते नाक मुरडतात. त्यांनी बाद केलेला एक मी अजूनही बघते, आणि ते त्यांना माहीत आहे.

ऑफिसातल्या मैत्रिणीला परवा बासरी शिकायची लहर आली. कुठे शिकू म्हणाली. मी सांगितलं, "सुरुवातीला माणसासमोर बस. बसायचं कसं, धरायचं कसं, फुंकायचं कसं, हे कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं. मग घरी हवे तेवढे व्हिडिओ लाव. आणि शिकवणारं कुणी मिळालंच नाही, तर वाट बघत बसू नकोस."