वहीतलं तिचं अक्षर

पाटणकर बाजारात भाजी घेताना मला दरदरून घाम फुटला आणि हातातली पिशवी सुटली. दुकानदाराने "बाबूजी, बैठ जाइए" म्हणत स्टुलावर बसवलं. खिशातलं मधुमेहाचं कार्ड दिसल्यावर साखर विरघळवून पाणी पाजलं. महिन्याभरात असं दुसऱ्यांदा झालं होतं. दोन्ही वेळा मी नाश्ता नीट केला होता, इन्सुलिनही डॉक्टरांनी ठरवलेलंच होतं. कारण काही कळेना.

मुलगी कॅनडात असते. तिने आमच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलून मला एक लांबलचक पत्र पाठवलं. मोबाइलवरचं माझ्याकडून हरवतं, म्हणून कागदावर, मोठ्या अक्षरांत.

"बाबा, डोस डॉक्टरच बदलतील, तुम्ही नाही आणि मीही नाही," अशी सुरुवात होती. "साखर सत्तरच्या खाली गेली किंवा हात थरथरले, घाम आला, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. कमीच असेल तर परत तेवढीच घ्या. बरं वाटलं की काहीतरी खा आणि डॉक्टरांना कळवा. तुम्ही शुद्धीवर नसाल तर आईने तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ एकशे आठला फोन करायचा. जेवणार नसाल तर इन्सुलिन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा." आणि शेवटी, खाली रेघ मारून: "इंजेक्शन दिल्याबरोबर वेळ आणि युनिट वहीत लिहायचे. घेतलं की नाही अशी शंका आली तर दुसरं घ्यायचं नाही. आधी वही बघायची."

सहा वर्षं मला इंजेक्शन माझी बायको देत होती. वहीचं ऐकून ती दुखावली. "मला काय लक्षात राहत नाही? हिला तिथे बसून सगळं कळतं!" तरी ती लिहायला लागली. तिचं अक्षर आधीपासून सुरेख.

आठवड्याभराने, सकाळी, मी पोहे खाऊन पेपर वाचत होतो. ती इन्सुलिनचं पेन घेऊन आली.

"अहो, सदरा वर करा. इंजेक्शन राहिलंय."

मी सदरा वर केलासुद्धा. खरं सांगतो, मलाही आठवेना. सगळ्या सकाळी सारख्याच असतात. मग पत्रातली ती रेघ आठवली आणि मी वही ओढली. आजची तारीख, साडेसात, अठरा युनिट. तिचंच अक्षर.

"अगं, हे बघ. दिलंयस तू."

तिने वही डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघत राहिली.

"हे मी नाही लिहिलं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. पाटणकर बाजारातला घाम कुठून आला होता, ते तेव्हा मला कळलं.

चार दिवस मी कोणालाच सांगितलं नाही, मुलीलाही नाही. वही बघत राहीन आणि तिच्या हातचं काम तिच्याच हाती राहील, असं मी मनाशी ठरवलं. रोज ती द्यायची, मी शेजारी बसून बघायचो. पाचव्या दिवशी तिने पेनच्या खिडकीत आकडा लावला आणि सुई माझ्या पोटाशी आणली. भिंग लावून पाहिलं तर अठराच्या जागी छत्तीस होते.

"थांब," मी ओरडलो. सहा वर्षांत तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो.

त्याच दिवशी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आई जवळ आहे? तिला काही बोलू नका. तिला डॉक्टरांकडे न्या, तपासणी करून घ्या." मग तिला रडू आलं. "मला वाटलं, चूक तुमच्या खाण्यात आहे."

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी बायकोला तारीख विचारली, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. तिला एकही शब्द पुन्हा सांगता आला नाही. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. त्यांनी माझं इन्सुलिनही नव्याने बघितलं आणि स्वतःचं स्वतः कसं टोचायचं ते दोनदा दाखवून शिकवलं.

आता मीच घेतो. चालू पेन माझ्या कपाटात कुलपात असतं आणि फ्रिजमधलं नवं पेन बंद डब्यात. वही मी लिहितो, वेडीवाकडी. मुलगी हिवाळ्यात महिनाभर येणार आहे.

परवा बायको कपाटाशी उभी राहून कुलूप ओढत होती.

"तुमचं इंजेक्शन राहिलंय," म्हणाली. "किल्ली द्या ना."

"घेतलं मी."

"खोटं बोलता. माझ्यावर विश्वास नाही तुमचा."

मी तिचा हात धरून तिला पलंगावर बसवलं. तिने तो सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.