खिशातली किल्ली

बावीस वर्षं मी नगरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं तरी ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांच्या पायी खर्ची पडली असतील. पोरं विचारायची, “बाई, मराठीत ह्याच्यावाचून काही अडतं का?” मी म्हणायचे, मराठीत अडत नाही म्हणूनच परीक्षेत तुमचं अडतं. मग फळ्यावर लिहायचे: पहिल्यांदा वस्तू आली की ‘अ’, तीच पुन्हा आली की ‘द’. आधी ‘अ’ राजा, मग ‘द’ राजा. एवढं पाठ केलं तरी पास व्हाल, असं मी छातीठोकपणे सांगायचे.

शाळा सोडल्यावर मी भाषांतरं करू लागले. दाखले, प्रतिज्ञापत्रं, सुप्याच्या कारखान्यांची माहितीपत्रकं. माझा एक कडक नियम होता: कागदात जे आहे ते लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि ज्याचा कागद आहे त्याला फोन करून काही विचारायचं नाही. विचारलं की माणूस नवीन काहीतरी सांगतो आणि भाषांतराला पाय फुटतात. या नियमाचा मला फार अभिमान होता. आता आठवलं की स्वतःचेच कान उपटावेसे वाटतात.

गेल्या वर्षी सुप्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून तातडीचं काम आलं. एका कामगाराचा अपघात झाला होता आणि त्याचा जबाब इंग्रजीत हवा होता, कारण कारखान्याचे मालक परदेशातले आणि चौकशी तिथली समिती करणार होती. जबाब त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला. डावा हात प्लास्टरमध्ये होता, उजवा शाबूत होता. अक्षर टपोरं, वाक्यं इवलीशी. “मी मेन स्विच बंद केला. कुलूप लावलं. किल्ली खिशात होती. मग पट्ट्याखाली साफ करायला गेलो. पट्टा अचानक सुरू झाला.”

त्या कारखान्यात माल वाहून नेणारे पट्टे आहेत. पट्ट्याखाली शिरायचं तर आधी मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप घालायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो चालूच करता येत नाही. प्रत्येकाला नंबर घातलेलं स्वतःचं कुलूप दिलेलं. अपघातानंतर मात्र याचं कुलूप स्विचवर नव्हतंच, बाजूच्या टेबलावर उघडं पडलेलं सापडलं. कारखान्याचं म्हणणं, यानं ते लावलंच नाही. तसं ठरलं असतं तर सुरक्षेचा नियम मोडला म्हणून नोकरी गेली असती. हा पाथर्डीकडचा, आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे. कोयता सोडून कायमच्या नोकरीत शिरलेला घरातला पहिलाच.

मला यातलं काहीच तेव्हा माहीत नव्हतं. मी चहाचा कप संपायच्या आत जबाब उरकला. कुलूप आलं, मग त्याची किल्ली आली. कुलूप आधीच येऊन गेलेलं, तेव्हा त्याची किल्लीही ओळखीचीच, म्हणजे ‘द’. फळ्यावर हजार वेळा लिहिलेलं. ‘द की वॉज इन माय पॉकेट.’ खाली सही ठोकली की भाषांतर मुळाबरहुकूम आहे, आणि पाठवून दिलं.

चौकशीच्या दिवशी त्यांना दुभाषी हवा होता, म्हणून मलाच बोलावलं. काचेच्या खोलीत लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर परदेशातल्या समितीचे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ. टेबलाशी ऑफिसातला अधिकारी, शिफ्टचे सुपरवायझर आणि गळ्यात हात अडकवलेला तो कामगार. तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, एक बाही मात्र प्लास्टरवर बसत नव्हती म्हणून कापलेली.

पडद्यावरच्या गृहस्थांनी माझंच भाषांतर हातात धरलं आणि शांतपणे विचारलं, किल्ली जर तुमच्या खिशात होती, तर कुलूप उघडलं कुणी?

मी ते मराठीत सांगितलं. तो माझ्याकडे वळला.

“मला काय म्हाईत, बाई? म्या तर पट्ट्याखाली हुतो.”

गृहस्थांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं: ती किल्ली तुमच्याजवळ आहे, कुलूप मात्र उघडलेलं आहे. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या कशा असतील? अधिकारी वहीत काहीतरी लिहू लागले. मी प्रश्न सांगितला आणि तो एकदम उसळला.

“आवो, पर किल्ली एकच हाय असं म्या कवा लिवलं?”

मी त्याचा मूळ कागद पुढे ओढला. “किल्ली खिशात होती.” पुन्हा वाचलं. एकच होती, असं कुठेच नव्हतं. दोन होत्या, असंही नव्हतं. मराठी वाक्य त्याबद्दल गपगुमान बसलं होतं आणि ते तसं बसू शकतं. इंग्रजीत तो रकाना कोरा सोडता येत नाही. ‘अ’ म्हणा नाहीतर ‘द’ म्हणा, काहीतरी भरावंच लागतं. मी ‘द’ भरला होता आणि वाचणाऱ्यानं त्याचा सरळ अर्थ घेतला: त्या कुलपाची जी काय एकुलती किल्ली, ती. गृहस्थांची काहीच चूक नव्हती. या माणसाला मी खोटं पाडलं होतं, मी, व्याकरणात एकही चूक न करता!

घाबरले म्हणावं तर घाबरलेही होते, पण त्याहून जास्त अंगात काहीतरी सळसळलं. बावीस वर्षं मी पोरांना विचारत होते की ही वस्तू आधी आली आहे का, आणि खरा प्रश्न हा होता की अशा वस्तू आहेत किती. त्याचं उत्तर वाक्यात मिळतच नाही, ते माणसालाच विचारावं लागतं. मी खुर्चीतून उठलेच.

मी इंग्रजीत म्हणाले, हा शब्द माझा आहे, यांचा नाही.

अधिकारी माझ्याकडे झुकून दबक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, जबाबावर सही झालीय. आता बदल नकोत.”

“जबाबातलं एक अक्षरही बदलत नाहीये,” मी म्हणाले, आणि माझा आवाज वर्गातला होता. “त्यांनी लिहिलं ते तसंच राहील. बदलायचं ते मी लिहिलेलं.”

पडद्यावरचे गृहस्थ आता पुढे सरकले होते. त्यांनी विचारलं, मग बरोबर काय, ‘अ’ की ‘द’? मी म्हटलं, वाक्यावरून सांगता येणार नाही, त्यांना विचारायची परवानगी द्या. त्यांनी हात पुढे केला, विचारा. माझा तो कडक नियम त्या क्षणी मी मोडला आणि मला फार बरं वाटलं.

“भाऊ, तुमच्या कुलपाला किल्ल्या किती?”

“दोन. एक माज्याकडं, दुसरी सुपरवायझरच्या केबिनीत खिळ्याला. समद्यांच्याच तशा हायेत.”

मी सांगितलं. गृहस्थांच्या भुवया वर गेल्या. नियमाप्रमाणे माणसागणिक एक कुलूप आणि त्याची एकच किल्ली, तीही त्याच्याच खिशात. दुसरी असूच शकत नाही. ते म्हणाले, मला तो खिळा बघायचाय.

मग जी वरात निघाली! पडद्याला जोडलेला लॅपटॉप काढून हातात धरून मी पुढे, मागे अधिकारी, त्यांच्या मागे कापल्या बाहीचा तो, सगळ्यांत शेवटी सुपरवायझर. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. पट्ट्यांच्या मधून जाताना कामगार हातातलं काम टाकून बघत होते. केबिनीत भिंतीला प्लायवूडची फळी होती, त्यावर खिळ्यांच्या दोन ओळी आणि प्रत्येक खिळ्याला एक किल्ली. खाली चिकटपट्टीवर नंबर. मी लॅपटॉप फळीसमोर धरला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवला.

“ही फळी कशासाठी?” लॅपटॉपमधून प्रश्न आला.

सगळ्यांनी सुपरवायझरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते बोलू लागले आणि मी एकेक शब्द जपून सांगत गेले. “सुट्टीला पोरं गावाला जातात. कुणी घोडेगावला, कुणी पाथर्डीला. कुलूप स्विचवर, किल्ली खिशातच राहती. मग इकडं पट्टा दिवसभर बंद. म्हणून मीच दुसऱ्या किल्ल्या करून घेतल्या.” पुढे ते म्हणाले, “त्या दिवशी शिफ्ट बदलत होती. ह्यो घरी गेला, कुलूप तसंच राह्यलं, असं मला वाटलं. खिळ्यावरची किल्ली काढून मीच उघडलं, स्विच चालू केला. खाली वाकून बघितलं न्हाई.”

लॅपटॉपचं वजन मला तेव्हा कळलं. तो कामगार फळीकडे बघत होता. सुपरवायझरांकडे त्यानं पाहिलंच नाही. म्हणाला, “साहेब, येक हाक तर मारायची.” एवढ्याचं मात्र मी भाषांतर केलं नाही, कुणी करायलाही सांगितलं नाही.

त्याची नोकरी राहिली. सुपरवायझरांना दुसऱ्या कामावर पाठवलं आणि फळी उतरवली. मी माझं भाषांतर दुरुस्त केलं: त्या कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्या खिशात होती. कंसात टीप दिली की मूळ वाक्यात संख्या नाही, ती चौकशीत विचारून घेतली. इतक्या आनंदानं मी कधी स्वतःची चूक लिहून दिली नसेल.

त्या दिवशी निघताना त्यानं मला गेटजवळ गाठलं आणि विचारलं, नेमकं कुठं अडलं होतं? मी कागदावर बोट ठेवून तो शब्द दाखवला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला. “एवढुसा? ह्याच्यापायी माजी नोकरी चालली हुती?” मी त्याला ‘अ’ आणि ‘द’ समजावले, फळ्यावरचा नियम बाजूला ठेवून. एकच असेल किंवा ऐकणाऱ्याला नेमकी कुठली ते ठाऊक असेल तर ‘द’. अनेकांतली कुठलीतरी असेल तर ‘अ’. तो ऐकून घेऊन म्हणाला, “मंग हे आधी इचारायचं व्हतं, बाई.” मी म्हटलं, चुकलंच माझं.

आता मी प्रत्येक कागदाच्या माणसाला फोन करते. विहिरी किती, दरवाजे किती, भाऊ किती. लोक वैतागतात, मी विचारत राहते.

या उन्हाळ्यात दुसऱ्या कामासाठी त्याच कारखान्यात गेले होते. मला बघून तो पट्ट्याच्या टोकाकडून जवळजवळ पळतच आला. हात बरा झालेला, थोडा वाकडा. खिशातून नवं लाल कुलूप काढून त्यानं माझ्या हातावर ठेवलं आणि त्याची किल्ली डोळ्यांसमोर धरली.

“येकच हाय,” तो म्हणाला. “आता लिवा ‘द’.”