कुंभारणीचा हप्ता

कर्जाचं कार्ड समजावून सांगायचं म्हटलं की बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या आमच्या कंपनीच्या शाखेचे साहेब घड्याळ बघत. "फार फोड करत बसू नका. वीस हजार मिळतील, साडेचारशेचा हप्ता, पन्नास आठवडे. झालं!" मला ते कधी जमलं नाही. बाई कागदावर अंगठा टेकवणार, तर तिला कळायला नको? माझ्या या स्वभावापायी मी बोलणी पुष्कळ खाल्ली. पण कुंभारीण मावशीला मी कार्ड समजावलं, ते बरं झालं की वाईट हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मावशी धिप्पाड बाई. आवाज असा की रस्त्यापलीकडे बोलली तरी आपल्यालाच रागावतेय असं वाटावं. नवरा गेल्यावर चाक तिनं हातात घेतलं. पण काठीनं ते जड चाक फिरवून फिरवून तिचा उजवा खांदा पार कामातून गेला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, विजेचं चाक घ्या नाहीतर हे काम सोडा. "सोडून काय करू? डॉक्टरच्या दारात बसू?" ती म्हणायची. विजेच्या चाकासाठीच तिला कर्ज हवं होतं. तिची धाकटी जाऊ शेजारच्याच खोलीत राहायची, तिला शिलाई मशीन घ्यायचं होतं. आणखी तिघी मिळून पाच जणींचा गट झाला.

कर्जाआधी गटाला शिकवायचं आणि मग साहेबांनी येऊन परीक्षा घ्यायची, अशी आमची पद्धत. शिकवणी मावशीच्याच अंगणात झाली, सुकायला मांडलेल्या मडक्यांच्या मधोमध. मी नमुन्याचं कार्ड काढलं. हप्ता, त्यातलं मुद्दल, त्यातलं व्याज, उरलेली बाकी, आणि शेवटी माझी सही, असे रकाने.

"मावशी, वीस हजारांवर तुम्ही साडेबावीस हजार भरणार. म्हणजे व्याज किती?"

"अडीच हजार. शंभराला साडेबारा. तुझा साहेब तेच म्हणाला. सावकारापेक्षा बरंच की!"

"तसं नाही ते," मी म्हटलं. तिच्याकडूनच मातीचे वीस गोळे मागून घेतले आणि तिच्यासमोर ठेवले. एक गोळा म्हणजे एक हजार. "हे आज तुमच्याकडे आले. पुढच्याच आठवड्यापासून तुम्ही परत द्यायला लागणार." मी एकेक गोळा माझ्याकडे ओढत गेले. "अर्धं वर्ष गेलं की तुमच्यापाशी निम्मेच उरले. शेवटी शेवटी तर एखादाच. म्हणजे वर्षभराचा मेळ घातला तर तुम्ही साधारण दहाच हजार वापरले. आणि व्याज भरलंत अडीच हजार."

मावशीनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे शंभराला पंचवीस."

"त्याच्याच आसपास. कार्डावर छापलंय तसं, पण बारीक अक्षरात. वर फी आणि विम्याचे सहाशे पहिल्याच दिवशी कापतात, हातात एकोणीस हजार चारशेच येतात. ते धरलं तर शंभराला एकतीसपर्यंत जातं."

"अगं बाई!" जाऊ म्हणाली. "मग घ्यायचं की नाही?"

"ते मी सांगणार नाही. चाकानं त्याहून जास्त कमाई होत असेल तर घ्या. सावकार महिन्याला शंभराला पाच घेतो, ते वर्षाला साठ होतात. पण याला स्वस्त म्हणू नका, एवढंच."

मावशीला ते पटलं. विजेच्या चाकावर मडकी दुप्पट होतील, म्हणाली. मग सहज म्हणाली, "आणि मी काही कुणाचं बुडवत नाही. भट्टी उघडली की पाच हप्ते एकदम तुझ्या हातात ठेवीन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिची भट्टी पाच आठवड्यांतून एकदा लागायची. मडकी घडवायची, सुकवायची, भाजायची, मग विकायची. हातात पैसा तेव्हाच. पाच आठवड्यांचे हप्ते म्हणजे तिच्या मनात एका भट्टीचा हप्ता होता! जन्मभर तिनं पैशाचा हिशेब भट्टीवरच केला होता.

"मावशी, दर मंगळवारी गटाच्या मीटिंगला भरावा लागतो. भट्टी उघडो न उघडो."

"मग मधल्या मंगळवारी?"

"या चौघींनी तुमचा भरायचा. पाचही हप्ते जमल्याशिवाय मीटिंग उठत नाही. आणि एकीचा थकला की पाचही जणींचं पुढचं कर्ज अडतं."

"भट्टीच्या पैशातून बाजूला काढून ठेवा ना," जाऊ घाईनं म्हणाली.

"आणि भट्टी फसली तर?" मावशीनं विचारलं. "मागच्या खेपेला निम्मा माल तडकला. तेव्हा कुणाच्या घरातून भरू, तुझ्या?"

मी साहेबांना फोन करून विचारलं, हिला महिन्याचा हप्ता मिळेल का? कंपनीत तसं काही नाही, म्हणाले, आणि तुम्ही कशाला नसते फाटे फोडता?

परीक्षेच्या दिवशी साहेब खुर्चीवर बसले, बायका सतरंजीवर. साहेबांनी ठरलेला प्रश्न विचारला, "एखादीनं हप्ता भरला नाही तर?"

"आम्ही भरू!" चौघी एका सुरात म्हणाल्या.

मावशी गप्प. मी मनात म्हणत होते, बोल गं बाई, दोन शब्द बोल आणि सूट. खरंच सांगते, त्या क्षणी मला तिचं खरेपण नको होतं, तिला चाक मिळायला हवं होतं.

"साहेब, ती एखादी मीच असणार," मावशी म्हणाली. "या पोरींनी माझं का भरावं? माझं नाव काढा."

साहेबांनी नाव काढलं. जावेनं तिथल्या तिथं आपल्या मावसबहिणीला आणून बसवलं, तिची शिकवणी आणि परीक्षा पुन्हा झाली, आणि गट पास झाला. मावशी त्याच जड चाकावर, त्याच खांद्यानं काम करत राहिली. मी दर मंगळवारी तिच्या दारावरून जायची आणि मान वर करायची नाही.

काही महिन्यांनी एका मंगळवारी जाऊ मीटिंगला आलीच नाही. शिवणाचे पैसे गिऱ्हाइकांनी थकवले होते, आणि ती घराला कुलूप लावून माहेरी निघून गेली होती. बाकीच्या चौघींकडे स्वतःच्या हप्त्यापलीकडे काही नव्हतं. दुपार झाली. एकीचं तान्हं रडत होतं, एकीची मजुरी बुडत होती. मावसबहीण जावेच्या नावानं बोटं मोडत होती. मी उठू देईना, कारण मला उठू देता येत नव्हतं. आपल्या नोकरीची इतकी शिसारी मला त्या दिवशी आली.

गलका ऐकून मावशी आली ती कोपरापर्यंत मातीच्या हातांनी. खाली बसून पदराची गाठ दातांनी सोडली आणि साडेचारशे माझ्यासमोर ठेवले.

"मावशी, तुम्ही गटात नाही. तुमच्यावर एका पैशाचंही बंधन नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "हे कशाचे पैसे?"

"जळणाचे."

"मग भट्टी?"

"लागेल तेव्हा लागेल." तिनं चौघींकडे पाहिलं. "उठा गं, पोरं उपाशी असतील."

"कार्डावर तुमचं नाव नाही हो!"

"नाही ना. पण माझी जाऊ आहे ती." मग डावा हात गुडघ्यावर टेकून ती कशीबशी उठली. उजवा तिला वर उचलतच नव्हता. "लिही तिच्या नावावर. आणि ती परत आली की मी दिले म्हणून सांगू नको, नाहीतर लाजेनं माझ्या दारात यायचीच नाही."

चौघी उठल्या. मी ते पैसे घेतले आणि जावेच्या कार्डावर सही केली.